बचत गटाच्या सचिवताईंचा वार्षिक अहवाल : कानाने तपासता येणारा हिशोब



अहवाल म्हटलं की आपल्याला शाळेतला अहवाल आठवतो. कार्यक्रम उत्साहात पार पडला, मान्यवरांचं स्वागत झालं, आभार मानले, संपलं. बारावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीमध्ये 'अहवाल' हा घटक आहे, आणि तिथपर्यंत पोहोचलेली मुलंसुद्धा बहुतेक याच साच्यात लिहितात. आज आपण एक वेगळाच अहवाल बघू. हा अहवाल बोलून सांगायचा असतो, समोर बसलेल्या बाया तो मांडी घालून ऐकत असतात, आणि त्यातला प्रत्येक रुपया त्यांचा स्वतःचा असतो. महिला बचत गटाच्या सचिवाने वर्षाच्या शेवटी सांगायचा अहवाल.

आमचं केदारखेडा जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया, आज्या, काकू कुठल्या ना कुठल्या गटात आहेत. त्यामुळे मार्च संपला की एखादी सचिवताई वही घेऊन शाळेत येते आणि म्हणते, 'मॅडम, एवढा अहवाल लिहून द्या ना.' लिहून देणं सोपं असतं. पण मी लिहिलेला कागद तिने वाचून दाखवला की गटातल्या बायांना काही कळत नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाला तिलाही उत्तर देता येत नाही. म्हणून मी आता लिहून देत नाही. तिच्याजवळ बसते आणि तिच्याच तोंडून तो कसा सांगायचा ते दोघी मिळून ठरवतो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकेशी जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांचं उद्दिष्ट ठेवून सुरू केला. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम १९७५ पासून आहे, आणि २०११ पासून ग्रामीण जीवनोन्नती अभियान, ज्याला आपण सगळे 'उमेद' म्हणतो, ते काम करतं. गटात साधारण दहा ते वीस बाया असतात. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष अशा तिघी पदाधिकारी. दर महिन्याला ठरलेली बचत जमा होते, त्याच पैशातून गरज असेल तिला कर्ज दिलं जातं, ते व्याजासह परत येतं आणि पुन्हा दुसरीला दिलं जातं. उमेदच्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं हीच आहेत : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. वार्षिक अहवाल म्हणजे या पाचांचं वर्षभरात काय झालं ते बायांना सांगणं.

लिहिलेला आणि बोललेला यात फरक काय?

कागदावरचा तक्ता डोळ्याने मागे-पुढे करून बघता येतो. ऐकताना तसं होत नाही. एक आकडा कानावर पडला की पुढचा येईपर्यंत तोच धरून ठेवावा लागतो. गटात काही बायांना अक्षरओळख नसते, पण हिशोब मात्र पक्का असतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून विसांनी मोजतात, पाच विसा म्हणजे शंभर. त्यांना आकडा कळत नाही असं समजणं चूक आहे. त्यांना चौदा आकडे एका दमात वाचून दाखवले की कळत नाहीत, आणि ते तुम्हाला-आम्हालाही कळणार नाहीत.

म्हणून बोलायच्या अहवालात क्रम महत्त्वाचा. सुरुवातीला किती होते, काय आलं, काय गेलं, आज काय आहे. प्रत्येक पुढचा आकडा मागच्यातून निघाला पाहिजे, म्हणजे ऐकणारी मनातल्या मनात बेरीज करत सोबत चालते. खाली एक नमुना देते. आकडे कुठल्या एका गटाचे नाहीत, शिकवायला सोपे जावेत म्हणून मी जुळवलेले आहेत. पण गट साधारण असेच चालतात. बारा बाया, महिन्याला शंभर रुपये बचत, तीन वर्षं पूर्ण झालेली, हे चौथं वर्ष. पूर्वी मिळालेला फिरता निधी १५,००० रुपये. बँकेचं जुनं कर्ज फिटलेलं आहे आणि नव्याचा अर्ज द्यायचा विचार चालू आहे. कर्जावर व्याज शेकडा दोन रुपये महिना.

नमुना अहवाल

'अध्यक्षताई, कोषाध्यक्षताई आणि सगळ्या बायांहो, रामराम. सगळ्यांनी आपापलं पासबुक हातात घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजारणीला दाखवा. मी सावकाश सांगते, कुठं अडलं तर तिथंच थांबवा, शेवटाला विचारू नका.

मागच्या एप्रिलच्या एक तारखेला आपल्याजवळ रोख किती होते? बँकेत १०,९०० आणि पेटीत ७००. दोन्ही मिळून ११,६००. हा आकडा ध्यानात ठेवा. त्या दिवशी बायांकडं कर्जाचे ५८,००० रुपये येणं होतं. म्हणजे पैसे आपलेच, पण आपल्या हातात नव्हते, बायांच्या कामात होते.

आता वर्षभरात आलं काय ते सांगते. बचत आली १४,०००. बारा जणींची बारा महिन्यांची १४,४०० व्हायला पाहिजे होती, दोघींचे दोन-दोन महिने राहिले, म्हणून ४०० कमी. कर्जाचं मुद्दल परत आलं ५५,०००. व्याज आलं १३,२००. उशिरा येणाऱ्यांचा दंड दहा-दहा रुपयांनी २६०. सगळं मिळून आले ८२,४६०.

गेलं काय? नवीन कर्ज नऊ जणींना दिलं, ६४,०००. खर्च झाला १,४६०. त्यात वह्या-रजिस्टर आणि बँकेत जायचं-यायचं भाडं आहे, पावत्या पेटीत आहेत, कोणीही बघा. एकूण गेले ६५,४६०.

सुरुवातीचे ११,६००, त्यात आले ८२,४६०, झाले ९४,०६०. त्यातून गेले ६५,४६०. राहिले २८,६००. आता कोषाध्यक्षताई बँकेचं पासबुक वाचतील आणि पेटी सगळ्यांसमोर मोजतील.

(कोषाध्यक्ष : बँकेत २८,०००, पेटीत ६००.)

जुळलं. आता कर्ज. सुरुवातीला बायांकडं ५८,००० होते, यंदा ६४,००० दिले, त्यातले ५५,००० परत आले. म्हणजे आज बायांकडं ६७,००० आहेत. यंदा ठरलेल्या हप्त्यांप्रमाणे मुद्दल ६०,००० यायला पाहिजे होतं, ५५,००० आलं. दोन खात्यांवर ५,००० थकले आहेत. ते कसे आणि कधी यायचे ते दोघींनी मागच्या बैठकीत सांगितलंय, इतिवृत्तात लिहिलेलं आहे.

बायांकडं ६७,००० आणि आपल्या हातात २८,६००. आपल्या गटाची सगळी मिळून रक्कम ९५,६००. मागच्या वर्षी ती ६९,६०० होती. आता पासबुक बघा. जिची बचत पूर्ण आहे तिच्या पासबुकात चार वर्षांचे ४,८०० पाहिजेत. ज्या दोघींची राहिली त्यांचे ४,६००. जिचं वेगळं निघालं तिनं हात वर करा.'

एवढाच अहवाल. सावकाश सांगितला तरी दहा-बारा मिनिटांत होतो. 'आपला गट प्रगतीपथावर आहे' वगैरे वाक्यं यात एकही नाही, आणि ती नसावीतच असं माझं मत आहे. ती आली की बायांचं लक्ष आकड्यांवरून उडतं.

मक्याच्या दाण्यांवर ताळा

हाच हिशोब मी पाचवीच्या वर्गात घेते, पण वही उघडू देत नाही. एक मक्याचा दाणा म्हणजे हजार रुपये. जमिनीवर खडूने दोन गोल काढायचे, एक 'हातात' आणि एक 'बायांकडं'. शंभराचे सुटे आकडे बाजूला ठेवून फक्त हजारांचा खेळ करायचा. सुरुवातीला 'हातात' सुमारे बारा दाणे, 'बायांकडं' अठ्ठावन्न. कर्ज दिलं की चौसष्ट दाणे पहिल्या गोलातून दुसऱ्यात जातात. मुद्दल परत आलं की पंचावन्न दाणे दुसऱ्यातून पहिल्यात येतात. मुलांच्या लगेच लक्षात येतं की एवढी उलाढाल झाली तरी एकूण दाणे वाढले नाहीत आणि घटलेही नाहीत!

मग एकूण वाढतात कशाने? बाहेरून दाणे आले तरच. बचतीचे चौदा, व्याजाचे तेरा आणि थोडे. आणि घटतात खर्चाने. ही एक गोष्ट नीट समजली की मोठ्यांचाही नेहमीचा गोंधळ मिटतो. कितीतरी गटांत 'यंदा ८२ हजार जमा झाले' असं मोठ्याने सांगितलं जातं आणि बायांना वाटतं गट ८२ हजारांनी वाढला. त्यातले ५५ हजार तर आपलेच पैसे घरी परत आले. खरी वाढ ६९,६०० वरून ९५,६००, म्हणजे २६,००० रुपयांची. त्यातले १४,००० बायांनी स्वतः टाकले, आणि उरलेले १२,००० व्याज आणि दंडातून खर्च वजा जाऊन राहिले.

(एक सूचना : दाणे आधी मोजून ठेवा. आमच्या वर्गात एकदा सात दाणे कमी भरले. ते कोणी खाल्ले होते ते तोंडावरून कळत होतं, पण मुलांनी आधी वही तपासली आणि मग तोंडं. पद्धत बरोबर होती.)

९५,६०० मध्ये माझे किती?

हा प्रश्न प्रत्येक गटात येतो आणि बहुतेक वेळा चुकीचं उत्तर दिलं जातं. बाया ९५,६०० ला बाराने भागतात आणि प्रत्येकीचे जवळपास आठ हजार झाले असं धरून चालतात. तसं नाही. या रकमेत तीन वेगवेगळे पैसे आहेत. ५७,२०० रुपये बचतीचे, ते जिचे तिचे. १५,००० फिरता निधी, तो गट चालण्यासाठी मिळालेला आहे, वाटून घ्यायचा नाही. आणि उरलेले २३,४०० म्हणजे चार वर्षांत व्याजातून साठलेलं, ते सगळ्यांचं सामाईक.

म्हणजे पूर्ण बचत असलेली एखादी बाई उद्या गट सोडून गेली, मुलाकडे पुण्याला राहायला गेली असं समजू, तर तिची ४,८०० बचत नक्की तिची. तिच्यावर कर्ज असेल तर ते आधी वजा होईल. सामाईक २३,४०० मधला बारावा हिस्सा १,९५० येतो, तो द्यायचा की नाही आणि कसा, हे गटाने आपल्या नियमांत आधीच लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. नियम नसेल तर भांडण त्याच दिवशी सुरू होतं. म्हणून सचिवताईंनी अहवालात एकूण रक्कम सांगितल्यावर लगेच हे तीन भाग वेगळे सांगावेत, असं मी सुचवते. वरच्या नमुन्यात ते मुद्दाम टाकले नाहीत, कारण एका दमात जास्त आकडे होतात. ताळा जुळल्यावर, पाणी वगैरे पिऊन झाल्यावर सांगितलेले बरे.

बँकेचं कर्ज चालू असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. बँकेने दीड लाख दिले की तेही बायांमध्ये वाटले जातात, आणि 'बायांकडं येणं' एकदम फुगतं. ते पैसे गटाचे नव्हेत, बँकेचे. एकूण रकमेतून बँकेचं राहिलेलं देणं वजा करूनच गटाची रक्कम सांगायची. नाहीतर कर्ज घेतलं म्हणून आपण श्रीमंत झालो असा अर्थ निघतो.

व्याज खरंच तेवढंच का?

अहवालात व्याज १३,२०० सांगितलं. ऐकणारीला ते कसं तपासता येईल? पूर्ण नाही, पण अंदाज घेता येतो. शेकडा दोन म्हणजे हजाराला महिन्याला वीस रुपये. वर्षभर बायांकडे साधारण ५५ ते ६० हजार फिरत राहिले असं धरलं, तर महिन्याला ११०० ते १२०० आणि वर्षाला १३ ते १४ हजारांच्या आसपास व्याज यायला हवं. सांगितलेला आकडा त्यात बसतो. तो सहा हजार असता तर विचारायला पाहिजे होतं. तो वीस हजार असता तरी विचारायला पाहिजे होतं.

वीस हजारांवर का विचारायचं? कारण व्याज कशावर लावायचं यात चूक होते. एका बाईने १०,००० घेतले आणि दर महिन्याला हजार असे दहा हप्ते ठरले. पहिल्या महिन्यात व्याज २००. हजार फिटले, आता ९,००० राहिले, दुसऱ्या महिन्यात १८०. मग १६०, १४० असं उतरत शेवटच्या महिन्यात २०. सगळं मिळून १,१०० रुपये. पण वही लिहिणारीने दर महिन्याला २००च लावले, तर दहा महिन्यांत २,००० होतात. म्हणजे त्या बाईकडून ९०० रुपये जास्त गेले. गटाची पेटी जुळते, ताळा बरोबर येतो, आणि तरी एका बाईवर अन्याय झालेला असतो. हे फक्त तिच्या पासबुकातल्या व्याजाच्या रकान्यावरून कळतं : आकडा उतरत जातोय की एकाच जागी उभा आहे?

सहावी-सातवीच्या शिक्षकांना सरळव्याजाच्या पाठासाठी हे उदाहरण जरूर घ्यावं असं सांगेन. पुस्तकात मुद्दल शेवटपर्यंत तेवढंच राहतं. घरात मात्र ते दर महिन्याला कमी होतं.

परतफेड किती टक्के?

आता सगळ्यात नाजूक जागा. बँकेत अर्ज द्यायचा असला की परतफेडीचा टक्का विचारला जातो, आणि प्रत्येक सचिवताईला तो चांगला दाखवायचा असतो. आमच्या नमुन्यातल्या आकड्यांवरून तीन वेगवेगळे टक्के काढता येतात. ५५,००० ला ६४,००० ने भागलं तर ८६ टक्के. सुरुवातीचं येणं आणि नवं कर्ज मिळून १,२२,००० होतात, त्याने भागलं तर ४५ टक्के. आणि यंदा यायला पाहिजे होते त्या ६०,००० ने भागलं तर जवळपास ९२ टक्के.

बरोबर तिसरा. ज्या हप्त्याची तारीखच अजून आली नाही तो आला नाही म्हणून कोणाला थकबाकीदार म्हणता येणार नाही, आणि यंदा किती कर्ज दिलं याचा यंदाच्या वसुलीशी थेट संबंध नाही. मुलांना शतमान शिकवताना आपण 'कशाचे टक्के?' हा प्रश्न शंभरदा विचारतो, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. एखादीने पुढचे हप्ते आधीच भरले असतील तर तेही वेगळे काढावेत, नाहीतर तिच्या चांगुलपणाखाली दुसरीची थकबाकी झाकली जाते.

पण बरोबर काढलेला टक्कासुद्धा खोटा असू शकतो. शेतकऱ्यांच्या घरात 'नवं-जुनं' हा शब्द माहीत नाही असं कोणी नसेल. जुनं पीककर्ज कागदावर भरलं असं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं उचलायचं. गटातही हे होतं. समजा एका बाईचे १०,००० थकले होते. मार्चमध्ये अहवाल जवळ आला, म्हणून तिच्या नावावर १०,००० परत आले असं लिहिलं आणि त्याच बैठकीत तिला १०,००० नवं कर्ज दिलं असं लिहिलं. पैसा पेटीतून हललाच नाही.

आता ताळा करून बघा. आलेले पैसे दहा हजारांनी जास्त, गेलेलेही दहा हजारांनी जास्त. शिल्लक २८,६०० च येते. बायांकडचं येणं ६७,००० च राहतं. पेटी, बँक, सगळं जुळतं! फक्त खरी परतफेड ५५,००० नव्हे तर ४५,००० झालेली असते. ६०,००० पैकी ४५,००० म्हणजे ७५ टक्के. आणि थकबाकी ५,००० नव्हे, १५,०००. म्हणजे ताळा जुळला की सगळं ठीक असं नाही. ताळ्यातून पेटीतला पैसा हरवलेला सापडतो, नवं-जुनं सापडत नाही.

ते ओळखायचं कसं? कर्जाच्या वहीत एकाच बाईच्या नावापुढे एकाच तारखेला परतफेड आणि नवं कर्ज दिसलं, आणि दोन्ही रकमा सारख्या किंवा जवळजवळ सारख्या असल्या, तर समजायचं. बैठकीत साधा प्रश्न विचारायचा : 'यंदा जुनं फेडलं त्याच दिवशी नवं कुणी घेतलं का?' नवं-जुनं करणं म्हणजे लबाडीच असं मी म्हणत नाही. पाऊस गेला, कपाशी हाती लागली नाही, तर हप्ते वाढवून द्यावेच लागतात. ते 'मुदत वाढवली' म्हणून बैठकीत ठराव करून लिहावं. परतफेडीत धरू नये. कारण त्या टक्क्यावर गट मोठं कर्ज उचलतो, आणि ज्या तीन-चार घरांना आताचा हप्ता जड जातोय त्यांच्यावर पुढचा दुप्पट येतो. तो चुकला की बाकीच्या बायांचंही पुढचं कर्ज अडतं.

थकलेलीचं नाव घ्यायचं का?

यावर गावात दोन मतं आहेत. काही जणी म्हणतात, नाव घेतल्याशिवाय वसुली होत नाही. मला ते पटत नाही. वार्षिक बैठक बहुतेक वेळा देवळापुढे नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात होते. गटाच्या बारा जणी असतात, आणि आजूबाजूला पोरंसोरं, एखादा दीर, एखादा सासरा असतोच. गटाच्या बायांना कुणाचं थकलंय ते आधीच माहीत असतं. नाव घेऊन नवीन माहिती मिळते ती फक्त बाहेरच्यांना. आणि मग ती बाई काय करते? पुढच्या अहवालात नाव येऊ नये म्हणून आठवड्याच्या वसुलीवाल्या फायनान्सकडून उचलते आणि गटाचं भरते. गटाच्या कागदावर परतफेड शंभर टक्के होते आणि तिच्या घरी दर आठवड्याला दारात माणूस उभा राहतो. आईच्या तोंडावरची ती काळजी आपल्याला वर्गात मुलाच्या वहीत दिसते. फी नाही तरी वही-पेन्सिल येत नाही, मूल वरचेवर गैरहजर राहतं.

म्हणून नमुन्यात 'दोन खात्यांवर ५,०००' एवढंच आहे. किती, किती खात्यांवर, कधी येणार. नाव मासिक बैठकीत, गटाच्या बायांपुरतं.

वर्गात घ्यायचं काम

मुलांना आईच्या गटाची वही आणायला सांगू नका, ती घरची गोष्ट आहे. फळ्यावर हा छोटा गट लिहा. सुरुवातीला हातात २,०००. बचत आली ६,०००, मुद्दल परत आलं ९,०००, व्याज १,५००. कर्ज दिलं १४,०००, खर्च ३००. शेवटी हातात किती पाहिजेत? मुलं ४,२०० काढतील. मग सांगा, बँकेच्या पासबुकात ३,५०० आहेत आणि पेटी उघडली तर ५०० निघाले.

दोनशे रुपये कमी. आता लगेच 'चोरी' म्हणायचं नाही, ही अट घाला. आमच्या मुलांनी तीन शक्यता काढल्या. खर्च झाला पण लिहायचा राहिला, तर पावत्या बघायच्या. हप्ता आला असं वहीत लिहिलं पण बाईने दिलाच नव्हता, तर तिचं पासबुक बघायचं. बँकेत भरायला नेलेले पैसे कोणाच्या तरी पिशवीतच राहिले, तर बँकेची भरणा पावती आणि वही यांच्या तारखा जुळवायच्या. चौथी शक्यता एका मुलीने सांगितली : बेरीजच चुकली असेल, आधी ती परत करू. पुन्हा केली, ४,२०० च आले. मग मुलं पावत्यांकडे वळली.